राष्ट्रीय विज्ञान दिन, २८ फेब्रुवारी : ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानासाठी निवेदन

(मागील वक्त्यांचे आभार मानून झाल्यावर. पडदा अजून काळाच असावा.)

रमण परिणामाचा शोध १९२८ साली ज्या दिवशी लागला, त्या दिवसाचे आपले पुढचे वक्ते या सभागृहात नाहीत, रत्नागिरीतही नाहीत. ते अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रात हिवाळी तुकडीचे डॉक्टर म्हणून काम करीत आहेत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ साली आपल्या शेजारच्या गोव्यातून निघाली. ‘मैत्री’ १९८९ पासून कार्यरत आहे. आता तिथला उन्हाळा सरत आला आहे, आणि जहाज परतल्यावर मागे राहणाऱ्या मोजक्या माणसांच्या आरोग्याची जबाबदारी या वक्त्यांवर असेल. जून महिन्यात तर तिथे सूर्य उगवतच नाही.

तिथून थेट बोलताना संपर्क मध्येच तुटला असता, म्हणून त्यांनी हे बारा मिनिटांचे व्याख्यान तीन आठवड्यांपूर्वी मुद्रित करून पाठवले. स्वतःचे नाव, गाव आणि दहावीची तुकडी ते सुरुवातीलाच सांगतात, आणि इतक्या प्रेमाने सांगतात की तो मान मी त्यांच्याकडून हिरावून घेत नाही. तेवढे मात्र सांगते की, याच शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हातून फुटलेल्या चंचुपात्राचे पैसे अद्याप येणे आहेत.

व्याख्यानात वाऱ्याचा आवाज येईल. तो ध्वनिक्षेपकाचा दोष नव्हे. प्रियदर्शिनी तळ्याकाठच्या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांचा मुलांसाठीचा प्रश्न तिथेच आहे. आपण आता पडद्याकडे वळू या.

(दिवे मंद. दोन सेकंद थांबून चित्रफीत सुरू. टाळ्यांची विनंती इथे करू नये. पहिले वाक्य त्यात बुडते. चित्रफीत अडकल्यास: “अंटार्क्टिकाहून इथवर आलेले व्याख्यान आपल्या संगणकापाशी क्षणभर विसावले आहे, तोवर प्रश्नाच्या चिठ्ठ्या वाटून घेऊ या.”)

(शेवटचे दृश्य संपताच लगेच बोलू नये. दिवे हळूहळू लावावेत.)

तळ्यातून केंद्रात येणाऱ्या पाण्याच्या पाइपावर हातमोजा ठेवून ते म्हणाले की, हे पाणी गोठले तर आधी स्वयंपाकघर थांबते आणि मग दवाखाना. आपल्याकडे मे महिन्यात नळ कोरडा पडला की जी धावपळ होते, तीच तिथे थंडीने होते. पाणी वाहते ठेवायचे असेल तर पाइपाचे काय करावे, हा त्यांचा प्रश्न पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उत्तरे चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या पेटीत टाकावीत. ती आम्ही उद्या ईमेलने पाठवू आणि त्यांचे उत्तर आले की परिपाठात वाचून दाखवू.

आपले आभार त्यांना इथे ऐकू येणार नाहीत. म्हणून शिपाईमामा मोबाइल घेऊन पुढे उभे आहेत. आता आपण ज्या टाळ्या वाजवू, त्या मुद्रित होऊन त्याच ईमेलने त्यांच्याकडे जातील.

(टाळ्या.)

यानंतर आठवीचा वर्ग पाण्याच्या गोठणबिंदूचा प्रयोग सादर करील.