रात्रपाळी ते सकाळपाळी ओव्हर शीट, मेडिकल वॉर्ड

ग्रामीण रुग्णालय, 30 खाटा, यवतमाळ जिल्हा
रात्रपाळी 11 सप्टेंबर 2025, 20:00 ते 12 सप्टेंबर, 08:00
वॉर्डात 17 पेशंट. रात्री नवीन भरती 1 (बेड 4). मृत्यू नाही. रेफर ठरलेले 2, दोघेही अजून वॉर्डातच.

ताई, क्रम बेड नंबरप्रमाणे नाही, जास्त सिरीयस पेशंट आधी घेतला आहे. वहीतली मूळ नोंद वर ठेवली आहे, कारण दोन ठिकाणी वहीतला शब्द आणि मोजलेला आकडा जुळत नाही. तिथे आकडा धरावा.

बेड 7, पुरुष, 29 वर्षे, फवारणीची विषबाधा

वहीत: «02:00 झोपला आहे. थकल्यासारखा वाटतो. नाडी ठीक. ॲट्रोपिन चालू. 05:30 मान उचलत नाही, कॉल पाठवला.»

स्थिती: श्वासाचे स्नायू कमजोर होत आहेत. 06:00 ला एमओंनी पाहिले, व्हेंटिलेटरच्या सोयीसाठी यवतमाळ मेडिकल कॉलेजला रेफर. 108 ला 06:25 ला फोन केला; गाडी दुसऱ्या केसवर आहे, 08:30 ची वेळ दिली आहे.

पार्श्वभूमी: 10 तारखेला दुपारी पऱ्हाटीवर प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन फवारले, तोंडाला फक्त दुपट्टा. 17:40 ला भरती: घाम, लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर. कपडे काढून साबणाने अंघोळ घातली होती. ॲट्रोपिन आणि पाम तेव्हापासून चालू. ॲट्रोपिन 03:00 ला ताशी 2 वरून 1 मिग्रॅ केले.

निरीक्षण, 07:00: नाडी 96, बीपी 118/76, बाहुल्या 3 मिमी, काख कोरडी, छाती साफ, पोटात आवाज आहेत. म्हणजे ॲट्रोपिन कमी पडलेले नाही आणि जास्तही झालेले नाही. तरी श्वास 26, एसपीओ2 ऑक्सिजनशिवाय 94. काल 20:30 ला उशीवरून डोके उचलून 5 सेकंद धरत होता; 05:30 ला उचलताच आले नाही. एका श्वासात आकडे मोजायला लावले: काल 22, आज 14. पेशंट स्वतः म्हणतो, «मले थुका गिळाले जमत नाही.» विषबाधेनंतर 24 ते 96 तासांत येणारी ही कमजोरी आहे, त्यावर ॲट्रोपिन वाढवून उपयोग नाही. वहीतला «थकवा» बहुधा याचीच सुरुवात होती. 02:00 ते 05:30 श्वास मोजल्याची नोंद नाही. ती चूक या पाळीची.

शिफारस: गाडी येईपर्यंत दर 15 मिनिटांनी श्वास, एसपीओ2 आणि एका श्वासातले आकडे. आकडे 10 च्या खाली, एसपीओ2 90 च्या खाली किंवा श्वास उथळ झाला तर लगेच एमओ. अंबू बॅग, मास्क, सक्शन उशाशी लावून ठेवले आहे, सक्शन 06:40 ला चालवून पाहिले. तोंडाने पाणीसुद्धा नाही. सिरिंज पंपात 50 मिलीत 30 मिग्रॅ ॲट्रोपिन आहे (0.6 मिग्रॅच्या 50 अँप्युल, काही न मिसळता), वेग 1.7 मिली ताशी. पंप गाडीत सोबत जाईल. बॅटरी चार्ज आहे.

बेड 4, पुरुष, 38 वर्षे, वजन 58 किलो, सर्पदंश

वहीत: «एएसव्ही दिले, पित्त उठले, इंजेक्शन दिले, बरे. लघवी झाली, थोडी लाल. पाय सुजला.»

स्थिती: एएसव्हीच्या 20 व्हायल होऊनही रक्त गोठते की नाही हे अजून कळायचे आहे. लघवी खूप कमी. डायलिसिस लागू शकते म्हणून रेफर, पण पहिली गाडी बेड 7 ला. एमओंनी तसे केसपेपरवर लिहिले आहे. दुसरी गाडी मागितली आहे.

पार्श्वभूमी: 11 तारखेला 19:10 ला शेतात डाव्या पायाला चावा. नातेवाईक घोणस म्हणतात, साप आणलेला नाही. आधी वैदूकडे नेले, पायाला दोरी करकचून बांधलेली. 20:25 ला भरती. दोरी एएसव्ही सुरू झाल्यावरच सोडली. 20:35 ची 20 मिनिटांची टेस्ट: रक्त गोठले नाही. 20:50 ला 10 व्हायल सुरू. 21:10 ला अंगभर गांधी आणि थंडी. सलाईन थांबवले, मांडीत ॲड्रेनॅलिन 0.5 मिग्रॅ, 21:35 ला पुन्हा हळू सुरू, 22:40 ला संपले. 04:40 ची टेस्ट: गोठले नाही. दुसऱ्या 10 व्हायल 05:00 ते 06:05, त्रास नाही.

02:00 ची टेस्ट प्लास्टिकच्या बाटलीत झाली होती, ती धरू नका. कोरडी, स्वच्छ काचेची ट्यूब, 2 मिली रक्त, 20 मिनिटे हात न लावता, मग एकदाच तिरपी करायची. साबणाने धुतलेली ट्यूबही चालत नाही, त्यात चांगले रक्तसुद्धा गोठत नाही.

निरीक्षण, 07:00: नाडी 104, बीपी 100/64, श्वास 20, एसपीओ2 97. हिरड्यांतून थोडे रक्त. गुडघ्याखाली 10 सेंमीवर पोटरीचा घेर 33 वरून 37 सेंमी, पेनची खूण केली आहे. 20:25 ते 07:00 लघवी एकूण 180 मिली, म्हणजे ताशी 17 मिली; या वजनाला ताशी 29 तरी हवी. रंग काळ्या चहासारखा.

शिफारस: पुढची टेस्ट 12:05 ला, तोवर गेला तर वेळ रेफर चिठ्ठीवर लिहावी. युरोबॅग दर तासाला. क्रिएटिनिन-पोटॅशियमचे रक्त 06:45 ला लॅबमध्ये दिले, रिपोर्ट मागवून घ्यावा. स्नायूत इंजेक्शन नाही, डायक्लोफिनॅक नाही. दुखले तर पॅरासिटामॉल. रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन मात्र मांडीतच, त्याला ही मनाई लागू नाही. एएसव्हीच्या 12 व्हायल शिल्लक, म्हणजे एकच डोस. आजच इंडेंट पाठवावे, नाहीतर दुपारी नवीन दंश आला तर हात रिकामे.

बेड 11, स्त्री, 19 वर्षे, 41 किलो, सिकलसेल एसएस

वहीत: «गुडघे-कंबर दुखते. औषध दिले, झोपली.»

स्थिती: दुखणे कमी, पण सकाळी नवीन ताप.

पार्श्वभूमी: 11 तारखेला 16:00 ला भरती. दोन दिवस धुऱ्यावर भिजत निंदण केले, पाणी कमी प्यायली. हायड्रॉक्सीयुरिया 500 मिग्रॅ रोज. चार दिवस गोळ्या संपलेल्या.

निरीक्षण: दुखणे 10 पैकी 9 वरून 5. पॅरासिटामॉल 600 मिग्रॅ शिरेतून शेवटचे 04:00 ला, ट्रॅमाडॉल 50 मिग्रॅ 01:15 ला. हिमोग्लोबिन 7.6, कार्डावर नेहमीचे 7.8, म्हणजे मोठी घट नाही. 06:00 ला ताप 100.8 फॅ., एसपीओ2 96, खोकला नाही.

शिफारस: राउंडला तापाचे आधी सांगावे, एमओंना अजून कळवलेले नाही. खोकला, छातीत दुखणे किंवा एसपीओ2 94 च्या खाली आले तर राउंडची वाट पाहू नये. गरम शेक चालेल, बर्फ नाही. पुढचे पॅरासिटामॉल 10:00 ला.

बाकी 14: स्थिर. बेड 2 चे सलाईन 07:15 ला संपले, व्हेन काढायची की ठेवायची ते राउंडला. बेड 9, डॉक्सिसायक्लिनचा दुसरा दिवस, रात्री ताप नाही. बेड 14 सुट्टीसाठी तयार, नातेवाईक नऊच्या एसटीने येणार.

ऑक्सिजन: भरलेले सिलिंडर 2, बेड 7 चे अर्ध्यावर. ॲट्रोपिन 140 अँप्युल.

ओव्हर बेडपाशी, 08:05. बेड 4 ची युरोबॅग दोघींनी मिळून मोजली: 07:00 नंतर 15 मिली. बेड 7 चे आकडे: 13.

देणार: रात्रपाळी स्टाफ नर्स
घेणार: सकाळपाळी स्टाफ नर्स