निबंध वाचला गं चिमे, आता ऐक

काल रात्री तुझे तिन्ही फोटो आले पण डोळे मिटत होते म्हणून उत्तर नाही दिलं, आज सकाळी चहा घेता घेता दोनदा वाचलं. आधी कौतुक, कारण ते खरंच आहे. "मला आवडणारी जागा" म्हटल्यावर वर्गातली निम्मी मुलं कमाटीबाग नाहीतर लक्ष्मीविलास लिहिणार आणि तू मांडवीचं सेंट्रल लायब्ररी घेतलंस, शाब्बास!

पण मला ती लायब्ररी दिसली कधी, तर थेट तिसऱ्या पानावर. "काचेच्या फरशीवर पाय ठेवताना आजोबा नेहमी आधी चपलेच्या टोकाने चाचपतात आणि वर कोणी चाललं की माझ्या पुस्तकावर त्याच्या पावलांची सावली पडते" हे वाक्य वाचून मी कप खाली ठेवला. असं वाक्य लिहिणारी मुलगी पहिलं अख्खं पान सयाजीराव महाराजांच्या सनावळीत का घालवते ते मला कळेना. महाराज मोठे होतेच, त्यांच्यामुळेच 1910 साली हे ग्रंथालय उभं राहिलं, पण तुझा विषय जागा आहे, चरित्र नाही. म्हणून सुरुवात त्या काचेपासूनच कर, मग काच का तर खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून, आणि तिथून दोन-तीन ओळींत महाराज. तू उलटं केलंस, आधी इतिहास मग जागा, म्हणजे पाहुण्याला दारातच बसवून ठेवलं.

दोन चुका आहेत त्या दुरुस्त कर. महाराजांचा जन्म बडोद्यात नाही झाला, नाशिककडच्या कवळाण्यात, 1863 मध्ये, इथे ते 1875 ला दत्तक म्हणून आले. आणि सक्तीचं शिक्षण "1906 मध्ये सुरू झाले" असं लिहिलंयस, ते संपूर्ण संस्थानात लागू झालं ते साल, सुरुवात अमरेलीकडे 1893 लाच झाली होती. बाबासाहेबांना 1913 ला शिष्यवृत्ती मिळाली ते बरोबर आहे, पण ह्या निबंधात ते उपरं वाटतं, काढून टाक. तसंच पॅलेस बकिंगहॅमच्या चौपट वगैरे ते पण काढ, तुझी भाषाच नाहीये ती, कुठून तरी उचललेलं लगेच कळतं बरं का.

आणखी एक, दुसऱ्या पानावर एकही परिच्छेद नाही. "आणि मग... आणि मग..." मी मोजले, नऊ वेळा. आजोबांबरोबर रिक्षातून जाणं हा एक परिच्छेद, आतला वास आणि लोखंडी कपाटं हा दुसरा, एवढं तोडलंस तरी श्वास घेता येईल.

आता अक्षर. रागावू नकोस, सुंदर आहे, पण वाचता येत नाही, दोन्ही एकदम खरं आहे. शाळेत दिवसभर गुजराती लिहितेस ना, म्हणून मराठीतही वरची रेघ ओढायची राहते. गुजरातीत रेघ नसली तरी भ आणि म वेगळे ओळखू येतात, आपल्याकडे फरक त्या रेघेवरच असतो. "ग्रंथालय पुस्तकांनी मरून गेले आहे" असं मी वाचलं आणि एकटीच हसत बसले! भरून गं, भरून. भ, ध, थ ह्यांच्या डोक्यावर रेघ थोडी तुटते, म, घ, य ह्यांच्यावर सलग जाते, एवढं जपलंस की अर्धं काम झालं. ख चे दोन तुकडे लांब पडतात म्हणून खंडेराव मार्केटचं "रवंडेराव" झालंय, खाली जोड. पूर्ण शब्द लिहून मग एकदम रेघ मारायची, अक्षरागणिक नाही. आणि ते जेल पेन ठेवून दे, मागच्या पानाची शाई पुढे उमटलीय, साधं बॉलपेन घे.

फोटोचं पण सांगते. ट्यूबलाइटखाली काढलास म्हणून मोबाइलची सावली बरोबर मधल्या ओळींवर आली, दुसरं पान आडवं आलं, मान वाकडी करून वाचलं मी. फेअर कॉपी झाली की सकाळी गॅलरीत वही सपाट ठेवून वरून सरळ काढ, चारही कडा दिसल्या पाहिजेत. रविवारी द्यायचाय ना, शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठव म्हणजे मला एकदा बघता येईल, आणि चारशे शब्दांच्या आत बसव, आत्ता साडेपाचशे तरी आहेत.

आणि हो, तिसऱ्या पानाची उजवी कड कापली गेलीय. शेवटच्या ओळीत "आजोबा म्हणाले, मी तुझ्याएवढा होतो तेव्हा इथे" एवढंच दिसतंय. इथे काय? फोन करून सांग आधी ते.

— आत्या