शेततळ्यातलं पाणी नेमकं कुणाचं? सिन्नर-चांदवडच्या सर्व्हेआधीचा साहित्य आढावा

दिवाळीनंतर आपण सिन्नर आणि चांदवड तालुक्यातल्या गावांत फिरणार आहोत, त्याआधी भूजलावर आणि शेततळ्यांवर कोणी काय लिहून ठेवलंय ते इथे एका जागी मांडतोय. लेखकांच्या क्रमाने गेलो नाहीये, मुद्द्यांच्या क्रमाने गेलोय, कारण हे सगळं वाचून माझं एक मत झालंय आणि तेच पुढे सरकवायचंय. मत असं, की भूजलाच्या अभ्यासकांनी 'कोण किती उपसतो' हा प्रश्न पार कीस काढून तपासलाय, पण उपसलेलं पाणी वर आणून साठवून ठेवलं की त्याचं काय होतं हा प्रश्न फार थोड्यांनी विचारलाय. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात सगळी मेख तिथेच आहे.

सामायिक म्हणजे बेवारस का?

सुरुवात बहुतेक सगळे गॅरेट हार्डिनपासून करतात, मीही करतो. 1968 साली 'सायन्स' नियतकालिकात त्याने सामायिक कुरणाचं उदाहरण दिलं, प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. मूळ लेख लोकसंख्येवर होता हे आपल्याकडे कुणाला आठवत नाही, पण पाण्यावरच्या निम्म्या भाषणांत तो असतोच. त्याच्या मांडणीत उपाय दोनच उरतात, सरकारचा दंडुका नाहीतर खाजगी मालकी.

एलिनॉर ऑस्ट्रॉमने हे खोडून काढलं, आणि मजा म्हणजे तिचं 1965 चं पीएचडीचं काम भूजलावरचंच होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी आत घुसायला लागलं, तेव्हा तिथल्या लोकांनी बसून उपशाच्या मर्यादा कशा ठरवल्या, ते तिने पाहिलं. पुढे 1990 च्या 'गव्हर्निंग द कॉमन्स'मध्ये तिने जगभरची उदाहरणं घेऊन दाखवलं की लोक आपापसात नियम करतात आणि पाळतातही, फक्त हद्द स्पष्ट पाहिजे, लक्ष ठेवणारा माणूस पाहिजे आणि नियम मोडला तर आधी छोटी, मग मोठी शिक्षा पाहिजे. 2009 साली तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याला हे पटवून घ्यायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. सटाण्याकडे मोसम आणि आरम नद्यांवर, तिकडे धुळ्यात पांझरेवर, फड पद्धत काही शतकं चालली. बंधारा, पाट, जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, आणि पाणी कमी असलं की यंदा कोणता फड भिजवायचा हे गावानेच ठरवायचं. ऑस्ट्रॉमच्या जवळजवळ सगळ्या अटी इथे बसतात. दिंडोरीच्या वाघाड धरणावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या केल्या तीही याच वळणाची गोष्ट, आणि 2005 च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर कायद्याचं अधिष्ठान दिलं.

पण फड आणि वाघाड दोन्हीकडे पाणी डोळ्यांना दिसतं. पाटात किती आलं, कुणी दांड फोडला, सगळं उघड. जमिनीखालच्या पाण्याचा पाटकरी कोण होणार?

दिसत नाही, पण लांबही जात नाही

इथे भूगर्भवाल्यांचं लिखाण उपयोगी पडतं. पुण्याच्या 'ॲक्वाडॅम' या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेचे हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत लिहिणारे बरीच वर्षं सांगताहेत की भूजलाचा विचार तालुका किंवा गाव धरून करू नका, जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, धरून करा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत बसतं, साठवण कमी, आणि जलधर छोटे छोटे, तुकड्यातुकड्यांचे. पंजाबच्या गाळाच्या जमिनीसारखा हा अथांग साठा नाही, चांगल्या पावसात भरतो आणि उपसला की उन्हाळ्याआधीच आटतो.

बहुतेक जण हे दुर्दैव म्हणून सांगतात, मला उलट वाटतं. जलधर छोटा असेल तर त्यावर बसलेली माणसंही मोजकी, म्हणजे ऑस्ट्रॉमची 'हद्द स्पष्ट पाहिजे' ही अट गंगेच्या खोऱ्यापेक्षा आपल्याकडे पुरी होण्याची शक्यता जास्त. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, पाणी जमिनीवर नाही तर माणसांवर वाटलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. दोन्ही उदाहरणं गुळगुळीत होईपर्यंत सांगून झालीत, तरी एक गोष्ट राहून जाते. दोन्हीकडे गावाने पाणी किती आहे याच्याबरोबर ते कोणत्या पिकाला जाणार हेही ठरवलं होतं. द्राक्ष, डाळिंब, कांदा यांच्या बाजारावर उभ्या असलेल्या गावात 'हे पीक घेऊ नका' म्हणायची हिंमत कोणत्या सरपंचात आहे, ते आपल्याला विचारावंच लागेल.

पंप, वीज आणि कागदावरचा कायदा

तुषार शहांचं 'टेमिंग द अनार्की' (2009) गावकीवर एवढा विश्वास ठेवत नाही. त्यांचं म्हणणं, दक्षिण आशियात कोट्यवधी शेतकरी आपापला पंप लावून बसलेत, या अराजकाला ना गावचे नियम पुरतील ना कायदा, धरायची असेल तर विजेची दोरी धरा. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत शेतीची वीज वेगळ्या फीडरवर टाकून ठरावीक तास दिली, ते त्यांचं आवडतं उदाहरण.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही कारण निष्पन्न थोडं आहे. 1882 च्या सुखाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची तिच्याखालचं पाणी त्याचं हीच धारणा चालत आली. महाराष्ट्राने 1993 ला पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको म्हटलं, 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू झाला, त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. बोअरच्या गाड्या कुठल्या राज्यातून येतात आणि किती फूट खाली जातात हे सिन्नरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारा.

शहांचा विजेचा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. आठ तास थ्री फेज मिळाली तर शेतकरी आठ तासच उपसेल हे गृहीत तेव्हाच खरं, जेव्हा उपसा आणि पिकाला पाणी देणं ही एकच क्रिया असते. शेततळं आलं की ती दोन होतात. रात्री लाईट असताना विहिरीतून तळ्यात, आणि मग सवडीने तळ्यातून ठिबकला. विजेचे तास उपशाला लगाम घालण्याऐवजी 'लाईट आहे तोवर ओढून घ्या' अशी घाईच लावतात. त्यांच्या पुस्तकात हे नाही.

वाचवलेलं पाणी जातं कुठे

ठिबकबद्दल आपल्याकडे कोणी शंका घेतली की लोक अंगावर येतात, पण लिखाण स्पष्ट आहे. जेव्हन्सने 1865 ला कोळशाबद्दल सांगितलं होतं की यंत्र काटकसरी झालं की एकूण कोळसा जास्तच जळतो. वॉर्ड आणि पुलिदो-वेलाझकेझ यांनी 2008 ला रिओ ग्रांदे खोऱ्यासाठी तेच पाण्याबद्दल दाखवलं, ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी 2018 ला 'सायन्स'मध्ये ते जगभरासाठी मांडलं. पाट भरून दिलं तर काही पाणी मुरून परत विहिरीला येतं, ठिबकने ते परतणं कमी होतं, आणि एकरी पाणी वाचलं म्हणून शेतकरी आणखी दोन एकर बाग लावतो. शेतकऱ्याचा फायदा खरा असतो, जलधराला मात्र त्यातलं काही मिळत नाही.

याच धाग्यात ईश्वर काळे यांचा 2017 चा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधला लेख बसतो आणि माझ्या मते आपल्या सर्व्हेसाठी तोच सगळ्यात जवळचा. शेततळं कागदोपत्री पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला असतं. प्रत्यक्षात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं जमिनीच्या वर बांध घालून उभं केलेलं असतं, पावसाचं वाहतं पाणी त्यात शिरायला वाटच नसते, ते भरतं विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाईपने. खाली कागद असल्यामुळे मुरत काही नाही, वरून उन्हाने उडून जातं ते वेगळंच. 2016 ला राज्याने 'मागेल त्याला शेततळे' आणलं, त्याआधीपासून फलोत्पादनाच्या अनुदानातून सामूहिक शेततळी होतच होती.

म्हणजे बघा, पाणी जलधरात होतं तोवर शेजाऱ्याचाही त्यावर हात पोचत होता. तळ्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर चढलं की ते मुदत ठेवीसारखं एकाच्या नावावर जमा झालं. ऑस्ट्रॉम आणि शहा दोघांचंही लक्ष जमिनीखालच्या साठ्यावर आहे, हा वरचा साठा त्यांच्या चौकटीत धड बसत नाही. आयआयटी मुंबईच्या पूजा प्रसाद, ओम दमाणी आणि मिलिंद सोहनी यांनी 2022 च्या लेखात इथे एक पाऊल पुढे टाकलंय. त्यांचं मॉडेल सांगतं की एकेकट्या शेताचा हिशोब करून भागत नाही, शेततळी किती चालतील याचा उंबरठा त्या भागातल्या पाण्यावरून ठरवावा लागतो. हा उंबरठा गावातल्या लोकांना कळतो का, आणि कळला तर ते थांबतात का, हे मॉडेल सांगू शकत नाही. ते आपलं काम.

आधी कुणाची विहीर आटते

बेला भाटियांनी 1992 ला गुजरातबद्दल लिहिलं होतं की पाणी खाली गेलं की श्रीमंत शेतकरी पाण्यामागे खाली जातो आणि गरिबाची उथळ विहीर कोरडी पडते. नवरोझ दुबाश यांनी 2002 च्या पुस्तकात तिथल्याच ट्यूबवेलमधली भागीदारी आणि पाण्याची विक्री बारकाईने पाहिली. दोघांच्याही लिखाणात चढाओढ खोलीची आहे. पूर्व नाशकात खोलीबरोबर वेळेचीही चढाओढ आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरी भरलेल्या असतानाच तळं भरून घ्यायचं, म्हणजे ज्याच्याकडे तळ्याला जागा आणि कागदाला पैसा आहे तो फेब्रुवारीची टंचाई नोव्हेंबरातच शेजाऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळा होतो. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तासा-दीडतासावर सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात पाच-सहाशे, तिथे कोण आधी भरतो याला फार किंमत आहे. भावाभावांत हिश्शाच्या आणेवारीने उपशाची पाळी असलेल्या सामायिक विहिरीत तर हे थेट घरातलं भांडण होतं. मी वाचलेल्यापैकी कुणीही त्या पाळ्यांकडे शेततळ्याच्या बाजूने पाहिलेलं नाही.

म्हणून प्रश्नावलीत 'तुमच्याकडे शेततळं आहे का' एवढ्यावर थांबू नका. तळं कोणत्या महिन्यात, कोणत्या विहिरीतून, किती रात्री भरलं ते विचारा, विहीर सामायिक असेल तर तेव्हा पाळी कुणाची होती ते विचारा, आणि लगतच्या बिगर-तळेवाल्या शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला गेलं ते त्याच दिवशी, तळेवाला समोर नसताना, वेगळं बसून विचारा.