द्राक्षावरील केवडा: मंगळवारच्या तासातील स्लाइडच्या फोटोवरून केलेला आराखडा

नाशिकच्या वर्गात मंगळवारी दाखवलेल्या स्लाइडचा हा फोटो तिसऱ्या बाकावरून घेतलेला असल्यामुळे त्याच्या मधोमध ट्यूबलाइटची चकाकी आली आहे. स्लाइडवर डावीकडे सात मुद्दे आणि उजवीकडे बाणांनी जोडलेल्या आठ नावांची गोल आकृती आहे. मुद्द्यांचा क्रम जसाच्या तसा ठेवला असता तर लक्षणे, हवामान आणि औषधे एकमेकांपासून तुटून राहिली असती. रोग कसा पुढे सरकतो हे मुद्द्यांत कुठेच लिहिलेले नाही, ते फक्त बाणांत आहे. म्हणून आकृतीतील नावांपासून शीर्षके तयार केली आणि डावीकडचा प्रत्येक मुद्दा ज्या टप्प्याला लागू पडतो त्याखाली आणला. जे शब्द स्लाइडवरून जसेच्या तसे घेतले आहेत ते अवतरणचिन्हांत आहेत.

१. रोगकारक

१.१ केवडा, म्हणजेच डाउनी मिल्ड्यू, हा रोग प्लाझ्मोपारा विटिकोला या सूक्ष्मजीवामुळे होतो.

१.२ स्लाइडवर त्याला सरळ बुरशी म्हटले आहे आणि बागेतही आपण तेच म्हणतो. परंतु वर्गीकरणाच्या दृष्टीने तो ऊमायसीट गटातील असून खऱ्या बुरशीपेक्षा वेगळा आहे. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही, कारण या गटाचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि पुढचे सगळे टप्पे त्यावरच उभे आहेत.

२. प्राथमिक लागण: जमिनीपासून पानापर्यंत

२.१ आकृतीची सुरुवात सर्वांत वरच्या «ऊस्पोर» या नावापासून होते. हे जाड भिंतीचे बीजाणू गळून पडलेल्या रोगट पानांत तयार होतात आणि पाने कुजल्यावर मातीत टिकून राहतात.

२.२ जमीन ओली झाली आणि ऊब मिळाली की त्यांचे «अंकुरण» होते व एक मोठी बीजाणूपिशवी तयार होते.

२.३ «पावसाचे शिंतोडे» या नावाचा बाण फोटोत अंकुरणाकडून निघून थेट पानाकडे जातो. जमिनीलगतची पाने आधी का लागतात, याचे उत्तर या एका बाणात आहे.

२.४ पान ओले असेल तर पिशवीतून «झूस्पोर» बाहेर पडतात. त्यांना दोन कशाभिका असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात.

२.५ झूस्पोर «पर्णरंध्र» गाठतात, तेथे स्थिरावतात आणि अंकुरनलिका आत सोडतात. पर्णरंध्रे प्रामुख्याने पानाच्या मागच्या बाजूला असल्यामुळे फवारा मागच्या बाजूला पोहोचला नाही तर वरची बाजू औषधाने कितीही निळी दिसली तरी तिचा उपयोग मर्यादितच राहतो.

३. लक्षणे

३.१ पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर «तेलकट डाग» दिसतात. लागण आणि डाग यांच्यामध्ये अनेक दिवसांचे अंतर असते, ते तापमानानुसार कमी-जास्त होते. म्हणजे आज दिसणारा डाग हा गेल्या पावसाचा हिशेब असतो.

३.२ त्याच डागाखाली, पानाच्या मागे, दमट रात्रीनंतर «पांढरी वाढ» येते.

३.३ घड लागला तर कोवळे मणी पांढऱ्या वाढीने झाकले जातात, तर मोठे झालेले मणी तपकिरी होऊन सुरकुततात. मणी वाढत जातात तशी त्यांच्यावरील रंध्रे बंद होत जातात, त्यामुळे नव्याने लागण होण्याचा धोका घटतो. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पोंगा अवस्थेपासून मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक मानावा.

३.४ भुरीशी असलेला फरक स्लाइडवर वेगळा चौथा मुद्दा म्हणून होता, पण तो लक्षणांखालीच शोभतो. भुरीची राखट भुकटी पानाच्या वरच्या बाजूसही येते, बोटाने पुसली जाते आणि तिला लागणीसाठी पानावर पाणी साचण्याची गरज नसते. केवड्याला मात्र ते लागतेच.

४. दुय्यम लागण: पानापासून पानापर्यंत

४.१ पांढरी वाढ म्हणजे पर्णरंध्रांतून बाहेर आलेल्या फांद्या, आणि त्यांच्या टोकांवर «स्पोरँजिया», म्हणजे बीजाणूपिशव्या, असतात. ही आकृतीतील आठवी आणि शेवटची नोंद होय.

४.२ हवामानाचा मुद्दा येथे आणला आहे. फोटोत आर्द्रतेचा आकडा चकाकीमुळे ५५ टक्के असा वाचला जातो, परंतु तो ९५ टक्के असाच असला पाहिजे, कारण वहीत तसे लिहिले आहे आणि ५५ टक्क्यांना स्पोरँजिया तयारच होत नाहीत. त्यासाठी काही तासांचा अंधारही लागतो, म्हणून हे काम रात्री होते. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस सर्वांत अनुकूल असते.

४.३ स्पोरँजिया वाऱ्याने आणि पावसाने शेजारच्या पानांवर जातात आणि तेथून चक्र पुन्हा २.४ पासून सुरू होते. आकृतीत हा छोटा आतला बाण आहे. फोटोत तो मोठ्या वर्तुळाशी मिसळल्यासारखा दिसतो, पण तो वेगळा समजावा, कारण हंगामात मोठे वर्तुळ क्वचितच फिरते आणि हे छोटे पुन्हा पुन्हा फिरते. परतीच्या पावसात गिरणारे आणि दिंडोरीच्या मांडवांमध्ये दोन आठवड्यांत जे नुकसान दिसते, ते या आतल्या वर्तुळाचे असते.

५. नियंत्रण

५.१ बोर्डो मिश्रण
- स्लाइडवर फक्त «१८८५, मिलार्डे» एवढेच आहे. हा रोग उत्तर अमेरिकेतून युरोपात गेला आणि १८७८ मध्ये फ्रान्समध्ये आढळला. बोर्डोजवळच्या रस्त्यालगतच्या वेलींवर चोरांना घाबरवण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडलेला असे, आणि त्याच वेली हिरव्या राहिलेल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी पाहिल्या.
- एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घ्यावे. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये.
- मिश्रणात चाकूचे स्वच्छ लोखंडी पाते थोडा वेळ बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक असून आणखी चुना घालावा लागेल. हा मुद्दा स्लाइडवर नाही, तो वर्गात तोंडी सांगितला होता आणि म्हणून वहीतून येथे घातला.
- हे औषध संरक्षक आहे. पानाच्या आत शिरलेल्या रोगावर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ते २.४ च्या आधी पानावर असावे लागते.

५.२ आंतरप्रवाही औषधे पानाच्या आत शिरतात, मात्र मेटॅलॅक्झिलसारख्या एकाच प्रकारच्या औषधाचा वारंवार वापर झाल्यास रोगकारक त्याला दाद देईनासा होतो. म्हणून त्यांचा वापर मोजका व संपर्कजन्य औषधाच्या जोडीने करावा, असा स्लाइडवरील सहाव्या मुद्द्याचा अर्थ आहे.

५.३ «गळालेली पाने गोळा करणे» हा सातवा मुद्दा स्लाइडच्या तळाशी, कुठल्याच बाणाशी न जोडता, उरलेल्या जागेत बसवल्यासारखा लिहिला होता. त्याची खरी जागा २.१ शी आहे: पडलेली रोगट पाने बागेबाहेर नेली तर तेवढे ऊस्पोर मातीत जात नाहीत. फोटोत या मुद्द्यापासून सर्वांत वरच्या नावापर्यंत मी पेन्सिलने बाण काढला आहे. छापील स्लाइड मिळाली तर तेथेही तो काढावा.