ग्राहक सहाय्य सेवा करार समाप्तीची नोटीस

दिनांक : 1 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
ग्राहक सहाय्य सेवा पुरवठादार कंपनी

विषय : करार कलम 14.2 नुसार सेवा समाप्ती आणि नोंदींचे हस्तांतरण

महोदय,

आपल्याशी झालेला ग्राहक सहाय्य सेवेचा करार आम्ही 30 ऑगस्ट 2025 रोजी संपुष्टात आणत आहोत. ठरलेली 60 दिवसांची मुदत या पत्राने सुरू होते.

20 सेकंदांच्या आत 80 टक्के कॉल उचलायचे, असे परिशिष्ट ‘ब’मध्ये ठरले होते. आपल्याच मासिक अहवालांत मार्चचे प्रमाण 61, एप्रिलचे 58 आणि मेचे 54 टक्के आहे. सलग तीन महिने पातळी चुकल्यास करार संपवण्याचा हक्क आम्हाला आहे. रात्रपाळीत माणसे वाढवण्याचे आश्वासन आपण एप्रिलमधील सुधारणा आराखड्यात दिले होते. मेच्या हजेरीपटात ती वाढ दिसत नाही.

आकड्यांपेक्षाही गंभीर बाब बंद केलेल्या तक्रारींची आहे. ‘ग्राहक संपर्कात नाही’ असा शेरा मारून बंद केलेल्या एका तक्रारीचे रेकॉर्डिंग आम्ही ऐकले. दोन रिंग होताच आपल्याकडूनच फोन ठेवला गेला होता. त्या ग्राहकाचे वॉटर प्युरिफायर आठवडाभर बंद होते. मेपासून हा शेरा असलेल्या सर्व तक्रारी 10 जुलैपर्यंत पुन्हा उघडून ग्राहकांना फोन करावेत.

कॉल स्क्रिप्ट, ईमेलचे साचे, आयव्हीआरचा क्रम आणि तक्रार वर पाठवण्याचे नियम यांची मालकी कलम 9 नुसार आमची आहे. त्यांच्या चालू आवृत्त्या संपादन करता येतील अशा फाइलींत 20 जुलैपर्यंत द्याव्यात. पीडीएफ चालणार नाही. कर्मचाऱ्यांनी अनुभवातून स्वतःजवळ लिहून ठेवलेल्या टिपाही त्यांत असाव्यात; खरी अडलेली कामे बहुधा त्यांवरच सुटतात.

तक्रारींचा संपूर्ण इतिहास CSV स्वरूपात, UTF-8 मध्ये द्यावा. तक्रार क्रमांक मूळचेच राहावेत आणि रेकॉर्डिंग व जोडलेले फोटो त्याच क्रमांकांशी जुळावेत, नाहीतर ग्राहकाला सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागेल. नमुना फाइल 15 जुलैला, पूर्ण प्रत 10 ऑगस्टला आणि त्यानंतरची भर शेवटच्या दिवशी अपेक्षित आहे. टोल फ्री क्रमांक आमच्या खात्यावर वर्ग करण्याचे संमतीपत्र याच आठवड्यात द्यावे.

सर्व नोंदी मिळाल्याची लेखी पोच आम्ही देईपर्यंत आपल्याकडील काहीही पुसू नये. पोच मिळाल्यावर 15 दिवसांत बॅकअपसह सर्व प्रती नष्ट करून तसे प्रमाणपत्र द्यावे.

30 ऑगस्टपर्यंत सेवा ठरलेल्या पातळीवर चालू ठेवावी. झालेल्या कामाची बिले वेळेवर चुकती होतील. कलम 11 प्रमाणे सेवा-त्रुटीची वजावट मात्र अंतिम बिलातून होईल.

आपल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी ताणातही ग्राहकांशी सौजन्य सोडले नाही, याची आम्हाला जाणीव आहे. हस्तांतरणाची जबाबदारी कोणाकडे राहील, ते 4 जुलैपर्यंत लेखी कळवावे.

आपला विश्वासू,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

प्रत : विधी विभाग, लेखा विभाग