दुकानाच्या मोबाइलमधले तयार मेसेज: दिवाळीचा हंगाम

पूजा, हे सगळे मेसेज दुकानाच्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून टाकलेत. चॅटमध्ये / टाकून पुढचा शब्द लिहिलास की मेसेज येतो. वार-तारीख, नातं आणि कपडा वहीत बघून बदल, मगच पाठव. ‘उद्या’ आणि ‘संध्याकाळपर्यंत’ हे शब्द बंद. ‘उद्या’ लिहिलेला मेसेज बायका दुसऱ्या दिवशी वाचतात आणि तिसऱ्या दिवशी येतात.

माप

/माप (नवीन गिऱ्हाईक, अदबीने)
नमस्कार मॅडम. मापासाठी सोमवारी 6 तारखेला दुपारी 12 ते 2 मध्ये या, तेव्हा गर्दी नसते. अंगात नीट बसणारा एक जुना ब्लाउज सोबत आणा. अस्तर आमच्याकडे मिळेल.

/जुनंमाप (ओळखीच्या)
काकू, तुमचं माप वहीत आहे, पण दोन वर्षांपूर्वीचं. मंगळवारी 7 ला 11 वाजता पाच मिनिटं येऊन जा, एकदा टेप लावून घेऊ.

(तब्येतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चेष्टेतसुद्धा नाही.)

ट्रायल

/ट्रायल (गोडीत)
वहिनी, पैठणीच्या ब्लाउजची ट्रायल शुक्रवारी 10 तारखेला संध्याकाळी 5 वाजता ठेवली आहे. बाह्या कच्च्या टाक्यावर आहेत, तुम्ही घालून बघितल्याशिवाय पक्क्या करत नाही. जमणार नसेल तर गुरुवारीच कळवा.

/ट्रायल२ (आल्या नाहीत तर, राग नाही, पण तारीख स्पष्ट)
वहिनी, काल वाट पाहिली. आज शनिवारी 11 ते 1 मध्ये याल का? आज ट्रायल झाली नाही, तर ब्लाउज 16 ऐवजी 18 ला मिळेल.

उशीर, आपल्याकडून

इथे सगळ्यात जास्त जपायचं. त्यांचा फोन यायच्या आत आपला मेसेज गेला पाहिजे. कारण एकच द्यायचं, ते खरं असावं, आणि कारागिरांच्या घरचं काही लिहायचं नाही. नवी तारीख मास्तरांना विचारून, वर एक दिवस धरून. गेल्या वर्षी मीच एकीला ‘थोडा उशीर होतोय’ एवढंच लिहिलं. ‘थोडा’ म्हणजे तासभर, असं समजून त्या चार वाजता रिक्षा थांबवून दारात उभ्या, आणि ब्लाउजला एकच बाही!

/उशीर (रोजच्या गिऱ्हाइकांना)
ताई, तुमचा ब्लाउज मंगळवारी 14 ला द्यायचा होता, तो होत नाही. दोन दिवस दुपारी लाइट नव्हती, काम मागे पडलं. गुरुवारी 16 ला दुपारी 1 नंतर नक्की तयार असेल. आधी फोन येईल, मगच निघा.

/चूक (आपण बिघडवलं तर)
मॅडम, गळा तुम्ही सांगितल्यापेक्षा खोल कापला गेला. चूक आमचीच. तुमच्या साडीच्या काठाची पट्टी लावून तो वर घेता येईल, पण तुम्ही बघितल्याशिवाय हात लावत नाही. बुधवारी 15 ला कधी याल? या दुरुस्तीचे पैसे नाहीत.

लग्नाचा कपडा असेल तर मेसेज नाही, मला फोन लावून दे. बोलणं झाल्यावर ठरलेली वेळ तेवढी लिहून पाठव.

नाही म्हणायचं

/बंद (सगळ्यांना)
दिवाळीच्या ऑर्डर 8 तारखेला बंद केल्या. आता दिलेला ब्लाउज सोमवारी 27 ला मिळेल. फॉल-बीडिंग आणि पिको मात्र 15 पर्यंत घेतोय, दोन दिवसांत देतो.

/मावशी (हक्काने मागणाऱ्यांना)
मावशी, तुम्हाला नाही म्हणताना जिवावर येतं. पण आत्ता घेतला तर घाईत शिवला जाईल आणि तुम्हीच मला ओरडाल. जुन्या ब्लाउजच्या शिलाया सोडवून द्यायच्या असतील तर शुक्रवारी आणा, समोर बसून करून देते.

(यांच्याशी ‘कृपया’, ‘क्षमस्व’ नको. परकं वाटतं.)

तयार आहे, नेत नाहीत

/तयार
काकू, तिन्ही ब्लाउज तयार आहेत, हुकही लावले. 10:30 ते 8:30 कधीही या. शिलाई 1350 रुपये.

/तयार२ (चार दिवसांनी, हसत)
काकू, तुमचे ब्लाउज आमच्या हँगरवर दिवाळी करणार म्हणतायत! रविवारी 19 ला रात्री 8 पर्यंत दुकान उघडं आहे. येताना 1350 आणा.

तिसऱ्यांदा हसायचं नाही, थेट फोन. निळी टिक आली नसली तरीही फोनच.

रात्रीचे मेसेज

9 नंतर हा आपोआप जातो, तू काही करू नकोस:
दुकान बंद झालं आहे. तुमचा मेसेज सकाळी 10:30 ला बघून उत्तर देऊ.

सुट्टी (स्टेटसला, 17 तारखेपासून रोज)

20 ते 23 दुकान बंद. शुक्रवारी 24 ला सकाळी 10:30 ला उघडेल. तयार कपडे 19 च्या रात्री 8 पर्यंत घेऊन जा. भाऊबीजेच्या दिवशी शटर वाजवू नका, मीही माहेरी असते.