पाहणाऱ्याची बाजू

बारावीचे पेपर सुरू होण्यापूर्वी आम्हाला मंडळाची शिक्षासूची वाचून दाखवण्यात आली. चिठ्ठी जवळ बाळगणे, दुसऱ्याचे पाहून लिहिणे, दुसऱ्याला उत्तर सांगणे, पर्यवेक्षकांशी गैरवर्तन करणे, अशा प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाची शिक्षा ठरलेली आहे, आणि परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदाही आहे. ज्याने यांपैकी काहीच केले नाही, फक्त मान वर केली आणि नको ते पाहिले, त्याच्याविषयी मात्र त्या वाचनात एकही शब्द नव्हता. रसायनशास्त्राच्या पेपराला मी त्या न लिहिलेल्या रकान्यात जाऊन बसलो.

माझ्या तिरक्या पुढच्या बाकावर माझा मित्र होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. आमचे गाव लहान आहे आणि बंदरावरच्या घरांत तर नाव न सांगताही माणूस ओळखला जातो. कंपासपेटीच्या झाकणाआड घडी केलेला कागद होता आणि तो पाहून तो लिहीत होता. सर दाराशी पुरवणी देत होते. हे सारे अर्ध्या मिनिटात संपले असेल. कागदावर काय होते हे मला दिसले नाही, परंतु त्याला सेंद्रिय रसायनातील नावांच्या अभिक्रिया आठवत नसत हे मला ठाऊक होते. अल्फा हायड्रोजन नसलेल्या अल्डिहाइडवर तीव्र अल्कली घातली की कॅनिझारो अभिक्रिया होते, हे मीच त्याला जेटीवर बसून पुन्हा पुन्हा समजावले होते. चिठ्ठी पाहून पहिल्यांदा मला रागच आला, आणि तो राग प्रामाणिकपणाचा नव्हता. माझी शिकवणी वाया गेल्याचा होता.

मी त्या वेळी उठून काही बोललो नाही. त्याचे कारण भीती होती असे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या पडवीचे पत्रे उडवले, तेव्हा त्यांची स्वतःची होडी किनाऱ्यावर उलटलेली असताना तो आणि त्याचा थोरला भाऊ दुसऱ्याच दिवशी आमच्या छपरावर चढले होते. ज्याचे इतके देणे आपल्याकडे आहे त्याच्याकडे बोट दाखवण्यासाठी हात सहजासहजी उचलला जात नाही. मात्र याच ठिकाणी विचार अडखळतो. छपरासाठी मला त्याला काही द्यायचे असेल, तर ते माझ्याजवळचे हवे. त्या वर्गातील निष्पक्षता माझ्या मालकीची नव्हती, मग ती मी त्याला परतफेड म्हणून कशी देणार?

निष्ठेच्या बाजूने आपल्याकडे बळकट परंपरा आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची शेंगांची गोष्ट शाळेतल्या भाषणांत दर वर्षी ऐकू येते: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. ही गोष्ट सांगताना ज्यांनी शेंगा खाल्ल्या त्यांची नावेही त्यांनी सांगितली नाहीत, असे पुष्कळदा जोडले जाते, आणि आम्ही मुलांनी नेमका तेवढाच भाग उचलून धरला आहे. चहाडी करणारा मुलगा वर्गात कॉपी करणाऱ्यापेक्षा हलका मानला जातो. मला हा संकेत सर्वस्वी चुकीचा वाटत नाही, कारण वरिष्ठांच्या मर्जीसाठी सोबत्याला पुढे करणारा माणूस पुढे कुठेही तेच करील. परंतु वर्गात पडलेल्या टरफलांमुळे कोणाची जागा जात नाही. बारावीच्या गुणांमुळे जाते.

हे मला अगदी चेहऱ्यासकट दिसत होते. माझ्या मित्राला औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला जायचे आहे आणि तेथील प्रवेश बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर होतो. आमच्याच वर्गातील एका मुलीलाही तोच अभ्यासक्रम हवा आहे. ती पहाटे काजूच्या बागेत आईला मदत करून एसटीने कॉलेजला येते आणि तिच्या वह्या आम्ही दोघांनीही वापरल्या आहेत. चिठ्ठीवरून मिळालेले तीनचार गुण गुणवत्ता यादीत तिच्या वर बसले, तर ते कोठून आले हे तिला कधीही कळणार नाही. मित्राशी इमान की सत्याशी, असा प्रश्न मी मनात मांडत होतो, तोवर तो दोन थोर शब्दांचा वाद होता आणि मला त्यात थोडी प्रतिष्ठाही वाटत होती. ती मुलगी त्यात आली आणि प्रतिष्ठा संपली.

आणखी एक निष्ठा मध्ये येते, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वर्षानुवर्षे अव्वल राहिला आहे, आणि आमच्याकडे कॉपी चालत नाही हे वाक्य आमच्या घरांतून अभिमानाने उच्चारले जाते. तो अभिमान बहुतांशी रास्त आहे. पण मी केंद्रावर बोललो असतो तर गावाने आधी केंद्राच्या नावाची काळजी केली असती, त्यानंतर मुलाची, आणि त्या मुलीची बहुधा केलीच नसती.

पर्यवेक्षकांना सांगणे आणि गप्प बसणे, एवढेच दोन मार्ग आहेत असे मला वाटत नाही. तिसरा मार्ग दोहोंपेक्षा अवघड आहे, तो म्हणजे ज्याने केले त्यालाच सांगणे. संध्याकाळी जेटीवर मी त्याला एवढेच म्हणालो की मी पाहिले. त्याने नाकारले नाही. “माका म्हायत होता, तू बघितलंस ता,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “मगे थयसरच उठान सांगूचा होतास. आता माका येवन सांगतंस, ता माझ्यासाठी काय तुझ्या समाधानासाठी?”

हा प्रश्न खोचक होता, पण अन्याय्य नव्हता. एकांतात मित्राला बोलून आपले मन हलके करायचे आणि त्याचे गुण तसेच राहू द्यायचे, यात प्रामाणिकपणापेक्षा सोय अधिक असू शकते. मी त्याला उत्तर दिले की दोन्हींसाठी. शिवाय मला त्याच्याशी बोलताना यापुढे काही लपवायचे नव्हते. गप्प राहून मैत्री टिकली असती, हे मान्य आहे. पण त्या मैत्रीत तो मला फसवता येण्याजोगा समजला असता आणि मी त्याला सत्य न पेलणारा समजलो असतो, म्हणजे दोघांनीही एकमेकांची किंमत कमी केली असती. मग मी त्या मुलीचे नाव घेतले. तेव्हा तो प्रथमच काही बोलला नाही.

जीवशास्त्राचा पेपर त्याने चिठ्ठीशिवाय दिला, असे तो सांगतो आणि मी ते खरे मानतो. त्याने रसायनशास्त्राचे प्रकरण मिटत नाही. स्वतः कॉलेजच्या सरांकडे जाऊन सांग, असे मी त्याला म्हटले आहे. त्याच्या वडिलांचे कर्ज, एका विषयाची संपादणूक रद्द झाल्यास वाया जाणारे वर्ष, ही त्याची उत्तरे मी ऐकली आहेत, आणि ती पोकळ नाहीत. मी त्याच्या वतीने जाणार नाही, आणि हा निर्णय योग्य आहे याची मला पूर्ण खात्री नाही. निकाल लागायचा आहे, यादी त्यानंतर लागेल. त्या मुलीने किंवा सरांनी मला सरळ विचारले, तर मी पाहिले तेच सांगेन, हे मी त्याला आताच सांगून ठेवले आहे.